नकाशातला नाला आणि शेतातला नाला: फ्लो ॲक्युम्युलेशनमधून भंडारा जिल्ह्यातलं नाल्यांचं जाळं कसं काढायचं?

लाखनी तालुक्यात माझ्या मामांची धानाची शेती आहे. इंजिनीअरिंग संपल्यावर मी पहिल्यांदा त्या भागातल्या नाल्यांचा नकाशा कॉम्प्युटरवर तयार केला आणि मोठ्या कौतुकाने फोनवर मामांना दाखवला. निळ्या रेघा छान दिसत होत्या. मामांनी गावच्या तलावावर बोट ठेवलं आणि हसले. माझी रेघ तलावाच्या पाळीच्या बरोबर मधोमध आरपार गेली होती. "अरे बाबू, पाळीवरून पानी गेला तर पाळ राहील का?" तलावाचा सांडवा पाळीच्या टोकाला आहे. जादाचं पाणी तिथून निघतं आणि धानाच्या बांध्यांना वळसा घालून खाली नाल्याला मिळतं.

माझी रेघ त्या खऱ्या वाटेपासून बरीच दूर होती. त्या रेघेवर विसंबून कुणी मोरी बांधली असती, तर मोरी कोरडी राहिली असती आणि शेजारची पांदण वाहून गेली असती. घरासाठी प्लॉट घेताना कुणी तो नकाशा पाहिला असता, तर त्याला नेमकी नाल्यातलीच जागा सुरक्षित वाटली असती.

सॉफ्टवेअरने त्याचं काम बरोबर केलं होतं. चूक माझ्या दोन गोष्टींत होती. उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड, मी अंदाजाने ठेवला होता आणि रेघा जमिनीवर जाऊन तपासल्याच नव्हत्या. या लेखात हीच दोन कामं नीट कशी करायची ते पाहू. कॉम्प्युटरचं काम लॅपटॉपवर होतं, पण तपासणीसाठी तुमच्या हातातला स्मार्टफोनच लागतो.

फ्लो ॲक्युम्युलेशन म्हणजे नेमकं काय?

उंचीचा डिजिटल नकाशा, म्हणजे डीईएम, ही चौकोनांची एक मोठी जाळी असते. प्रत्येक चौकोनात तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मोफत मिळणाऱ्या डीईएममध्ये एक चौकोन साधारण 30 मीटर बाय 30 मीटरचा असतो.

आता प्रत्येक चौकोनावर एकेक तांब्या पाणी ओतलं असं समजा. पाणी शेजारच्या आठ चौकोनांपैकी ज्याच्याकडे सर्वांत जास्त उतार आहे तिकडे जाईल. या पद्धतीला डी-एट म्हणतात. पाणी असं पुढे पुढे जात राहिलं, की प्रत्येक चौकोनातून एकूण किती चौकोनांचं पाणी गेलं हे मोजता येतं. हा आकडा म्हणजेच फ्लो ॲक्युम्युलेशन.

एका ओळीत उतरते पाच चौकोन घ्या. पहिल्यात फक्त त्याचंच पाणी, म्हणजे 1. पुढे 2, 3, 4, 5. आता बाजूने तीन चौकोनांचं पाणी येऊन चौथ्या चौकोनाला मिळालं, तर चौथ्याचा आकडा 7 होतो आणि पाचव्याचा 8. टेकडीच्या माथ्यावर हा आकडा 1 असतो, वैनगंगेच्या पात्रात तो कोटीत जातो.

यापुढचा निर्णय मात्र गणित घेत नाही, तुम्ही घेता. कितीपेक्षा मोठा आकडा असला की त्या चौकोनाला नाला म्हणायचं? हाच उंबरठा. उंबरठा 100 ठेवला तर नकाशा रेघांनी भरून जातो. 1,00,000 ठेवला तर फक्त मोठ्या नद्या उरतात. डीईएम तोच, उतार तोच, पण नाल्यांचं जाळं पूर्ण वेगळं.

आधी डीईएम नीट घ्या

भंडाऱ्यासाठी दोन मोफत डीईएम सहज मिळतात. एक म्हणजे एसआरटीएम. त्याचं मोजमाप फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून झालं. दुसरा कोपर्निकस 30 मीटर, ज्याचं मूळ मोजमाप साधारण 2011 ते 2015 या काळातलं आहे. दोन्हींत फरक पडतो तो दोन कारणांमुळे.

पहिलं कारण उंची लिहिण्याच्या पद्धतीचं. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये असते: 246, 247, 248. कोपर्निकसमध्ये ती दशांशात असते. सातपुड्याच्या डोंगरात याने फारसं बिघडत नाही, पण धानपट्ट्यात बिघडतं. समजा एखाद्या सपाट भागाचा उतार किलोमीटरला 1 मीटर आहे. एका किलोमीटरमध्ये 30 मीटरचे 33 चौकोन बसतात. पूर्ण मीटरच्या डीईएममध्ये त्या 33 चौकोनांत एकच उंची येऊ शकते. मग पाणी कुठे जायचं हे सॉफ्टवेअरला जमिनीवरून कळत नाही, ते आपल्या नियमाने एखादी दिशा निवडतं. म्हणून इथे कोपर्निकस घेतलेला बरा.

दुसरं कारण वर्षाचं. 2000 साली पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण पूर्ण झालेलं नव्हतं. त्यामुळे एसआरटीएममध्ये त्या भागात वैनगंगेचं जुनं खोरं दिसतं. नंतरच्या डीईएममध्ये जिथे पाणी साठलेलं होतं तिथे सपाट पृष्ठभाग येतो आणि जलाशयातून जाणारी रेघ नुसती जोडरेघ असते. ती पाहून "नदी इथून वाहते" असं म्हणता येत नाही.

दोन्ही डीईएमना एक मर्यादा सारखीच आहे. बांधीचा धुरा गुडघाभर उंचीचा असतो. 30 मीटरच्या चौकोनात तो दिसूच शकत नाही, आणि धानशेतीतलं पाणी तर धुऱ्यांमुळेच वळतं. शिवाय दाट झाडी असेल तिथे उंची जमिनीची नसून बरीचशी झाडांच्या शेंड्याकडची येते. ही मर्यादा पुढे पुन्हा भेटेल.

आता सगळ्यात नेहमीची चूक. जिल्ह्याची हद्द घेऊन डीईएम कापू नका. पाण्याला जिल्ह्याची हद्द माहीत नसते. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते, बावनथडीही मध्य प्रदेशातून येते, चुलबंद गोंदिया जिल्ह्यातून येते. हद्दीवर कापलं की वरचं पाणी मोजणीतून गायब होतं आणि भरलेली नदी हद्दीवर जणू नवीनच जन्मल्यासारखी दिसते. तुम्हाला ज्या नाल्यांचा अभ्यास करायचा आहे त्यांच्या सगळ्यात वरच्या टेकडीपर्यंतचा भाग घ्या आणि चारी बाजूंनी काही किलोमीटर जास्तच ठेवा.

कमांड चार, काम एक

मी ग्रास हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. क्यूजीआयएसमधूनही हीच साधनं चालवता येतात. भंडारा ज्या यूटीएम पट्ट्यात येतो त्याचा कोड EPSG:32644 आहे. डाउनलोड केलेला डीईएम अंश-रेखांशात असतो, तो आधी मीटरमध्ये आणायचा:

```
gdalwarp -t_srs EPSG:32644 -tr 30 30 -r bilinear cop30.tif dem.tif
```

इथे `bilinear` महत्त्वाचं आहे. ते दिलं नाही तर प्रत्येक नव्या चौकोनाला सर्वांत जवळच्या जुन्या चौकोनाची उंची जशीच्या तशी मिळते आणि सपाट भागात पट्टे पडतात. ते पट्टे पुढे खोट्या नाल्यांच्या रूपात वर येतात.

आता ग्रासमध्ये, याच कोडच्या प्रोजेक्टमध्ये:

```
r.in.gdal input=dem.tif output=dem
g.region raster=dem
r.watershed -s elevation=dem accumulation=acc drainage=dir
r.stream.extract elevation=dem accumulation=acc threshold=540 stream_vector=nale_540
```

`-s` म्हणजे डी-एट पद्धत. `r.watershed` खड्ड्यांतून बाहेर पडायची वाट स्वतःच शोधतं, त्यामुळे डीईएममधले खड्डे आधी बुजवायची गरज नाही. दुसरं साधन वापरत असाल तर मात्र बहुतेक वेळा ते करावं लागतं.

नकाशा उघडल्यावर `acc` मध्ये काही आकडे उणे दिसले तर घाबरू नका. जिथे डीईएमच्या कडेबाहेरून पाणी येत असण्याची शक्यता आहे, तिथे हे साधन मुद्दाम उणे चिन्ह लावतं. पण तुम्ही अभ्यासत असलेल्या नाल्यातच उणे आकडे आले, तर डीईएम छोटा पडला आहे असं समजा आणि मोठा घेऊन पुन्हा सुरू करा.

वरच्या कमांडमधला 540 हा आकडा कुठून आला, तेच आता पाहायचंय.

उंबरठा आकड्यात नाही, क्षेत्रफळात विचारा

"थ्रेशोल्ड 1000 ठेवा" असं इंटरनेटवर खूप ठिकाणी वाचायला मिळतं. चौकोन किती मोठा ते सांगितल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. 30 मीटरचा चौकोन म्हणजे 900 चौरस मीटर, म्हणजे 0.09 हेक्टर. 1000 चौकोन म्हणजे 90 हेक्टर. तोच 1000 आकडा 10 मीटरच्या डीईएमवर वापरला तर फक्त 10 हेक्टर होतात. म्हणून नेहमी प्रश्न असा विचारा: माझ्या भागात किती हेक्टरचं पाणी एकत्र आलं की जमिनीवर नाला दिसायला लागतो?

याचं उत्तर जमिनीवरच मिळतं. नाल्याच्या काठाने वर वर चालत जा. खाली स्पष्ट पात्र असतं: दोन्ही बाजूंना काठ, तळाशी वाळू किंवा गोटे. वर जाताना काठ बुटके होतात आणि एका ठिकाणी पात्र संपतं. त्याच्या वर फक्त शेत, गवत किंवा उतार असतो. ही जागा म्हणजे नाल्याचं मुख. तिथे उभं राहून फोनवर लोकेशन सेव्ह करा आणि खालच्या बाजूचा एक फोटो काढा. उघड्या शेतात फोनचं जीपीएस साधारण काही मीटरपर्यंत अचूक असतं. 30 मीटरच्या चौकोनासाठी तेवढं पुरेसं आहे.

अशी काही मुखं गोळा केली की प्रत्येकाच्या जागेवरचा `acc` चा आकडा वाचायचा. इथे एक फसगत होते. तुमचा बिंदू खऱ्या नाल्यावर असतो, पण डीईएममधला नाला एकदोन चौकोन बाजूला असू शकतो. बिंदूच्या नेमक्या चौकोनातला आकडा वाचला तर 540 ऐवजी 3 मिळेल. म्हणून आजूबाजूच्या दोन चौकोनांपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा घ्या:

```
r.neighbors input=acc output=accmax method=maximum size=5
```

मग `accmax` मधून वाचा. बिंदूजवळून दुसरा मोठा नाला जात असेल तर त्याचाच आकडा येईल, तो बिंदू सोडून द्या.

आता उदाहरणादाखल एक हिशेब करू. समजा पाच मुखांवर 310, 420, 540, 700 आणि 1,900 असे आकडे मिळाले. हेक्टरमध्ये ते साधारण 28, 38, 49, 63 आणि 171 होतात. सरासरी काढली तर 1,900 हा एकच आकडा तिला वर ओढतो. म्हणून मधला आकडा घ्या: 540, म्हणजे जवळपास 49 हेक्टर. वरच्या कमांडमध्ये तोच वापरलाय. पण 1,900 हा आकडा फेकून देण्याआधी त्या जागेचा फोटो पुन्हा बघा. ते मुख एखाद्या तलावाच्या खाली निघालं, तर कोडं लगेच सुटतं: वरचं पाणी तलावात अडतं, म्हणून खाली पात्र उशिरा तयार होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सगळ्या जिल्ह्याला एकच उंबरठा लागू पडेलच असं नाही. तुमसर तालुक्यात आंबागडच्या बाजूला सातपुड्याच्या टेकड्या आहेत. तीव्र उतारावर थोडं पाणीही जमीन कापतं, त्यामुळे नाला लवकर, कमी क्षेत्रफळातच सुरू होतो. दक्षिणेला लाखांदूरकडच्या सपाट धानपट्ट्यात तेवढंच पाणी बांध्यांमध्ये पसरून राहतं आणि नाला उशिरा सुरू होतो. दोन्ही भाग तुमच्या नकाशात असतील, तर मुखं दोन्हीकडची वेगवेगळी गोळा करा, दोन उंबरठे काढा आणि दोन भागांचं जाळं वेगळं काढून मग जोडा.

तपासणी दोन्ही बाजूंनी करा

जाळं तयार झालं. ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक जण पहिलाच विचारतात.

पहिला प्रश्न: मला माहीत असलेला नाला नकाशात आला का? यासाठी जमिनीवरचे ओळखीचे बिंदू हवेत. सगळ्यात सोपे बिंदू रस्त्यावर मिळतात. भंडाऱ्याहून लाखनी, साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर किंवा कुठल्याही गावरस्त्यावर बाइकने जा. रस्ता जिथे नाला ओलांडतो तिथे पूल, मोरी किंवा रपटा असतोच. गाडी बाजूला सुरक्षित जागी लावा, लोकेशन सेव्ह करा, वरच्या आणि खालच्या बाजूचा फोटो घ्या. महामार्गावर हे काम एकट्याने आणि घाईत करू नका. क्यूफील्ड हे मोफत ॲप असेल तर तुमच्या रेघा फोनवर उघडून तिथेच नोंद करता येते, नेटवर्क नसलं तरी.

मोरी दिसली म्हणजे नाला, असं मात्र नाही. काही मोऱ्या फक्त एका बाजूच्या बांध्यांचं पाणी दुसऱ्या बाजूला काढायला असतात, काहींतून नहराचं पाणी जातं. मोरीच्या खालच्या बाजूला पात्र आणि वाळू दिसली तरच तिला नाला म्हणा.

दुसरं साधन म्हणजे सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 टोपोशीट. भंडाऱ्याचा बहुतेक भाग 55 ओ आणि 55 पी या शीटांच्या गटांत येतो, 80 अंश रेखांशाच्या पूर्वेकडचा भाग 64 सी आणि 64 डी मध्ये. जुन्या टोपोशीटवर वर्षातला बराच काळ कोरडे असणारे नाले काळ्या रेघेने दाखवलेले असतात. फक्त निळ्या रेघा गिरवल्या तर तुमचे अर्धेअधिक ओळखीचे नाले तिथेच सुटतील. शिवाय या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर 25 मीटर. म्हणून टोपोशीटची रेघ आणि तुमची रेघ तंतोतंत एकावर एक बसण्याची अपेक्षा धरू नका. दोन चौकोन, म्हणजे 60 मीटरपर्यंतचं अंतर चालवून घ्या.

दुसरा प्रश्न: नकाशातल्या रेघेच्या जागी खरंच नाला आहे का? हा प्रश्न विचारला नाही तर तुम्ही स्वतःलाच फसवता. उंबरठा जितका कमी कराल तितके ओळखीचे नाले "सापडत" जातात, कारण सगळीकडेच रेघा होतात. म्हणून रेघांवर डोळे मिटून काही बिंदू निवडा, सोयीचे नव्हेत, आणि तिथे जाऊन बघा.

समजा तुम्ही 20 ओळखीचे नाले आणि रेघांवरचे 20 बिंदू तपासले आणि तीन उंबरठ्यांवर असे निकाल आले:

| उंबरठा | क्षेत्रफळ | ओळखीच्या 20 पैकी सापडले | रेघांवरच्या 20 पैकी खरे |
|---|---|---|---|
| 110 | सुमारे 10 हेक्टर | 20 | 8 |
| 540 | सुमारे 49 हेक्टर | 18 | 15 |
| 1,100 | सुमारे 99 हेक्टर | 13 | 19 |

प्रत्येक उंबरठ्यासाठी रेघांवरचे बिंदू नव्याने निवडायचे, कारण रेघा बदलतात. पहिल्या ओळीत एकही नाला सुटला नाही, पण निम्म्याहून जास्त रेघा खोट्या आहेत. तिसऱ्या ओळीत रेघा जवळपास सगळ्या खऱ्या, पण सात नाले गायब. कुठली ओळ घ्यायची हे कामावर ठरतं. कुठे घर बांधू नये हे बघायचं असेल, तर नाला सुटणं महागात पडतं. मग 110 आणि 540 च्या मधला एखादा उंबरठा पुन्हा तपासा आणि थोड्या खोट्या रेघा सहन करा. बंधाऱ्यासाठी जागा शोधत असाल, तर नसलेल्या नाल्यावर पैसा जाणं महागात पडतं. तिथे मोठा उंबरठा बरा.

एक तिसरी नजर कायम ठेवा: नाला बरोबर नाल्याला मिळतो का? रेघ जागेवर असूनही ती चुलबंदऐवजी थेट वैनगंगेला जोडली गेली असेल, तर तिच्या खालचे सगळे आकडे चुकले. मोठे संगम हाताने एकेक करून बघा.

खोटी रेघ ओळखायची कशी?

काही खोट्या रेघा घरबसल्या कळतात. खरा नाला वळणं घेतो. सपाट भागातल्या खोट्या रेघा मात्र पट्टीने आखल्यासारख्या असतात: उभ्या, आडव्या किंवा बरोबर 45 अंशात, आणि शेजारी शेजारी समांतर. डी-एटमध्ये पाण्याला आठच दिशा असतात, त्यामुळे उतार नसला की रेघ त्या दिशांना चिकटून सरळ धावते. असे पट्टे दिसले तर उंबरठा वाढवून ते कमी होतील, पण जी एक रेघ उरेल ती योग्य जागी असेल याची खात्री नाही. अशा भागावर नकाशात "सपाट, अनिश्चित" असं लिहिणं जास्त प्रामाणिक आहे.

तलाव: भंडाऱ्याचा खरा पेच

भंडारा तलावांचा जिल्हा आहे. इथले बरेच तलाव जुने मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव राहिले. नाल्याला आडवी पाळ घालून पाणी अडवायचं, गेटमधून नहरात सोडायचं आणि जादाचं पाणी पाळीच्या टोकाकडच्या सांडव्यातून काढायचं, अशी त्यांची साधी रचना.

डीईएमला यातलं फारच थोडं कळतं. तलावाचं पाणी त्याला सपाट दिसतं. मातीची पाळ काही मीटर उंच आणि रुंदीला एका चौकोनापेक्षा कमी असते, म्हणून ती कुठे दिसते, कुठे पुसट होते. सॉफ्टवेअर पाळीतला सर्वांत खोल दिसणारा चौकोन शोधतं आणि रेघ तिथून बाहेर काढतं. खरा सांडवा मात्र माणसाने बांधलेला असतो, मुद्दाम कडेला. माझ्या मामांच्या गावात झालं ते हेच.

इथे उंबरठा कितीही बदला, काही फरक पडत नाही. रेघ चुकीच्या जागी आहे, ती कमी-जास्त लांबीची नाही. उपाय एकच: प्रत्यक्ष सांडव्याची वाट डीईएममध्ये कोरायची. सांडव्यापासून खालच्या नाल्यापर्यंत चालत जा, वाट फोनवर ट्रॅक म्हणून नोंदवा. क्यूजीआयएसमध्ये तिची रेघ बनवा, तिच्यापासून `sandva` नावाचा रास्टर तयार करा आणि तेवढ्या चौकोनांची उंची 5 मीटरने कमी करा:

```
r.mapcalc "dem2 = if(isnull(sandva), dem, dem - 5)"
```

मग `dem2` वर `r.watershed` पासून सगळं पुन्हा चालवा. कोरलेली वाट तलावाच्या पाण्याला टेकली पाहिजे आणि खाली खऱ्या नाल्यात संपली पाहिजे. मध्येच तुटली तर पाणी कोरलेल्या खड्ड्यात अडकून पुन्हा भलतीकडून बाहेर पडतं.

`r.watershed` मध्ये `depression` नावाचा पर्यायही आहे. तिथे तलाव दिले की त्यांत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही असं धरलं जातं आणि खालचा नाला शून्यापासून मोजला जातो. कमी पावसाच्या वर्षी, तलाव भरलाच नाही तर खाली किती पाणी येईल हे बघायला तो उपयोगी आहे. भर पावसाळ्यात तलाव भरून सांडवा वाहत असताना तो चुकीचा चित्र देतो. पुराचा विचार करत असाल तर तो वापरू नका.

आणि एक पथ्य पाळा. जी वाट तुम्ही स्वतः डीईएममध्ये कोरली, तिच्यावरचे बिंदू तपासणीत धरू नका. रेघ तिथे येणारच होती, कारण ती तुम्हीच आणली. तपासणीचे बिंदू कोरण्याआधीच वेगळे काढून ठेवा. उंबरठा ठरवायला वापरलेली मुखंही तपासणीत पुन्हा मोजू नका.

नकाशासोबत काय लिहून ठेवायचं?

व्हॉट्सॲपवर नकाशाचा फोटो फिरायला लागला की त्यामागची माहिती गळून पडते. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यातच चार ओळी लिहा: कुठला डीईएम, उंबरठा किती हेक्टर, किती बिंदू तपासले आणि त्यांतले किती जुळले, कुठल्या तलावांचे सांडवे कोरले. जिथे तपासायला गेला नाहीत तो भाग तुटक रेघेने दाखवा.

तपासायला शक्यतो पावसाळा संपल्यावर, धान कापून झाल्यावर जा. पात्र उघडं दिसतं आणि चालता येतं. पाणी कुठून जातं हे मात्र पावसाळ्यातच कळतं, आणि तेव्हा तिथे असलेल्या माणसाला विचारणं हाच सोपा मार्ग. मामांनी दाखवलेली वाट मी नंतर चालून पाहिली, कोरली आणि जाळं पुन्हा काढलं. नवी रेघ सांडव्यातून निघून बांध्यांना वळसा घालून गेली. मामांनी या वेळी फोन हातात घेतला, रेघेवरून बोट फिरवत खाली नाल्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आता बरोबर. आता पुढच्या बोडीचा सांडवा बघ, तोही चुकलाय."